व्हेंडर मीटचं आमंत्रण: कार्ड देखणं, मेल बिनकामाचा

कंपनीच्या कार्यक्रमाचं आमंत्रण पाहुण्यांना खूश करायला पाठवतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा हॉटेलच्या बँक्वेट मॅनेजरसमोर जाऊन बसावं. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गॅरंटी किती देताय?" म्हणजे किती ताटांचे पैसे नक्की देणार. तो आकडा साधारण दोन-तीन दिवस आधी पक्का करावा लागतो आणि नंतर माणसं कमी आली तरी बिल त्याच आकड्याचं येतं.

चाकणमधल्या एखाद्या कारखान्याची व्हेंडर मीट, म्हणजे पुरवठादारांचा मेळावा, धरा. शुक्रवारी दुपारी प्लँट बघायचा, संध्याकाळी हॉटेलात भाषणं आणि जेवण. आमंत्रणं १२०, होकार ९०, ताट १,५०० रुपयांचं. ९० ची गॅरंटी दिली आणि ७० जण आले, तर ३० हजार रुपये आणि वर जीएसटी पाण्यात. म्हणून होकार कळवायची तारीख कार्यक्रमावरून ठरवायची नसते, गॅरंटीवरून ठरवायची असते. हॉटेलला आकडा मंगळवारी द्यायचा, तर मेलमध्ये आदल्या शुक्रवारची तारीख हवी. सोमवार हा गप्प बसलेल्यांना फोन करायचा दिवस. आपल्याकडे निम्मी मंडळी फोन केल्याशिवाय काही कळवत नाहीत, त्यामुळे "येणार नसाल तरच कळवा" ही पद्धत इथे चालत नाही. आणि ९० होकारांवर ९० ची गॅरंटीही देऊ नये. बरीच हॉटेलं गॅरंटीच्या वर थोडी जास्त तयारी ठेवतात. किती ठेवता ते विचारून घ्या आणि ८० सांगा.

कळवायचं कुणाला, हा दुसरा घोळ. मेलखाली तीन नावं, तीन मोबाइल नंबर. एक होकार मार्केटिंगकडे, एक परचेसकडे, एक साहेबांच्या पीएकडे, आणि एकत्र यादी कुणाकडेच नाही. एकच माणूस, एकच नंबर द्या. कॅलेंडरवर आलेलं "अॅक्सेप्ट" तर मी होकारात धरतच नाही. ते बऱ्याचदा साहेबांच्या वतीने दुसऱ्यानेच दाबलेलं असतं. मजकूर एवढा पुरे: "कृपया शुक्रवारपर्यंत या नंबरवर व्हॉट्सअॅप करा: किती जण येणार, प्लँट बघायला येणार की फक्त संध्याकाळी, जैन जेवण हवं का, गाडीचा नंबर."

आता त्या देखण्या कार्डाबद्दल. डिझायनरने केलेलं जेपीजी मेलमध्ये चिकटवतात आणि खाली एक ओळ, "सोबत आमंत्रण जोडले आहे". अनेक ऑफिसांत मेलमधली चित्रं आपोआप उघडत नाहीत. उघडलं तरी चित्रातल्या फोन नंबरवर बोट ठेवून सहज कॉल लागत नाही, पत्ता सहज कॉपी होत नाही. कार्ड खुशाल लावा, पण सगळा मजकूर मेलमध्येही टाइप करा. आणि १२० पत्ते "टू"मध्ये नकोत, बीसीसीत टाका. नाहीतर एक जण "रिप्लाय ऑल" करून सगळ्यांना कळवतो की त्याला ऑर्डरचं जुनं पेमेंट अजून मिळालेलं नाही. (म्हणणं खरं असतं, हा भाग वेगळा.)

पोशाखाच्या ओळीत "स्मार्ट कॅज्युअल" लिहून काही साधत नाही. भोसरीत स्वतःचं वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाने त्यातून काय समजायचं? ब्लेझर हवा की नुसता शर्ट चालेल, ते लिहा. खरी अडचण दुपारी येते. शॉप फ्लोअरवर चप्पल, सँडल, उंच टाचा चालत नाहीत आणि चालू मशिनजवळ पदर किंवा ओढणी धोक्याची. एका कार्यक्रमात छान साडी नेसून आलेल्या दोन उद्योजिकांना गेटवरून थेट कॉन्फरन्स रूममध्ये नेऊन बसवलं. पुरवठादार म्हणून जी लाइन बघायला त्या आल्या होत्या, तीच त्यांना दिसली नाही. मेलमध्ये एक वाक्य पुरलं असतं: "प्लँटसाठी बंद बूट आणि पँट किंवा ओढणीशिवाय सलवार-कुर्ता, संध्याकाळसाठी कपडे बदलायला खोली आहे."

पत्त्याचं तर विचारूच नका. चाकण भागात पत्ता "गट नंबर अमुक, खालुंब्रे" किंवा "निघोजे" असा असतो. गट नंबर तलाठ्याला समजतो, मॅपला नाही. कंपनीचं नाव टाकलं तर पिन कधीकधी मटेरियल गेटवर पडते, जिथे कंटेनरची रांग लागलेली असते. ज्या गेटने पाहुणे आत घ्यायचे, तिथे स्वतः उभं राहून लोकेशन घ्या, तीच लिंक मेलमध्ये टाका आणि गेटचा नंबर शब्दांत लिहा. पुण्याहून येणाऱ्याला नाशिक फाटा, भोसरी, मोशी हा रस्ता सांगा. मुंबईहून येणाऱ्याला एक्सप्रेस वेवरून तळेगावला उतरून तळेगाव-चाकण रस्ता. शिफ्ट सुटायच्या वेळी चाकणच्या तळेगाव चौकात काय होतं ते तिथल्यांना ठाऊक आहे, बाहेरच्याला नाही. तेव्हा कार्यक्रमाच्या वेळेशेजारी "गेटवर या वेळेपर्यंत पोहोचा" असंही लिहा.

आणि वर विचारलेले ते गाडीचे नंबर आदल्या संध्याकाळी सिक्युरिटी केबिनमध्ये छापून द्या. वॉचमन मेल वाचत नाही, यादी वाचतो.