एका ट्रंकिंगमधील तीन प्रकारच्या केबल : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : “सर, तुम्ही गिऱ्हाइकाचा खर्च उगाच वाढवता. 100 × 50 च्या ट्रंकिंगचं क्षेत्रफळ 5000 चौ. मिमी. माझ्या 15 मिमी व्यासाच्या पाच पॉवर केबल, 6 मिमीच्या तीस कॅट-सिक्स आणि 12 मिमीच्या चार फायर अलार्म केबल मिळून 2184 होतात, म्हणजे 44 टक्के. मर्यादा 45 आहे. दोन पार्टिशन टाकली की झालं. वेगळं ट्रंकिंग कशाला?”

नमस्कार. आपण हिशेबासाठी केबलचा बाहेरचा व्यास घेतला आहे, ही गोष्ट चांगली आहे. आपल्याकडे अनेक जण तांब्याचा आकार घेऊन मोकळे होतात. पण ट्रंकिंगच्या बाबतीत मात्र आपण बाहेरचे माप धरले आहे. पत्रा दीड मिमीचा असेल तर आतली जागा 97 × 47, म्हणजे 4559 चौ. मिमी उरते आणि पार्टिशन टाकण्याआधीच भराव 48 टक्क्यांवर जातो.

पार्टिशन टाकल्यावर एकूण टक्केवारीला अर्थ राहत नाही, कारण एका कप्प्यातली रिकामी जागा दुसऱ्या कप्प्यातल्या केबलच्या उपयोगाची नसते. दोन पार्टिशनची जाडी वजा केली की प्रत्येक कप्प्याला सुमारे 31 मिमी रुंदी, म्हणजे 1470 चौ. मिमीच्या आसपास जागा मिळते. त्यात पॉवरचे 884 म्हणजे 60 टक्के, डेटाचे 848 म्हणजे 58 टक्के आणि फायर अलार्मचे 452 म्हणजे 31 टक्के होतात. पाच पॉवर केबल त्या कप्प्यात दोन, दोन आणि एक अशा तीन थरांत बसतात खऱ्या, पण उंची 45 मिमी भरते आणि झाकणाखाली जेमतेम 2 मिमी उरतात. अशा कप्प्यात केबल ओढताना वळणावर आवरण सोलले जाते, आणि ते झाकणाआड असल्यामुळे कोणाला दिसतही नाही.

आता उष्णतेकडे पाहू. आपण ज्या 45 टक्क्यांचा आधार घेता, तो आकडा ब्रिटिश मार्गदर्शिकेतला आहे आणि केबल विनासायास ओढता याव्यात यासाठी आहे. केबल किती प्रवाह वाहील हे तो सांगत नाही. बंद ट्रंकिंगमध्ये पाच भारित सर्किटे एकत्र असली की आयईसीच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या तक्त्याप्रमाणे प्रवाहक्षमतेचा गुणक 0.60 येतो. कॅटलॉगमध्ये 40 अँपिअर क्षमता असलेली केबल तिथे 24 अँपिअरचीच राहते, आणि 32 चा एमसीबी तिचे रक्षण करू शकत नाही. त्याच पाच केबल छिद्रांच्या ट्रेवर एका थरात टेकवून ठेवल्या, तर गुणक 0.75 होतो आणि 30 अँपिअर मिळतात. तरीही 32 चा एमसीबी जास्तच होतो, तिथे 25 चा लावावा किंवा केबल मोठी घ्यावी. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखाली ट्रे असेल, तर तापमानाचा गुणक आणखी वेगळा लावावा लागतो.

पार्टिशनबद्दल मी आग्रही आहे, कारण त्याचा परिणाम मी जवळून पाहिला आहे. उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मोठ्या मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी ड्राइव्ह सुरू झाला की फायर पॅनेलवर लूप फॉल्ट येत असे आणि ड्राइव्ह बंद केला की तो जात असे. डिटेक्टर बदलून झाले, पॅनेलचे कार्डही बदलून झाले. शेवटी काटकोनाच्या वळणावरचे झाकण काढले, तेव्हा कळले की सरळ तुकड्यांतले पार्टिशन वळणाच्या अलीकडेच संपले होते आणि त्या वीतभर जागेत ड्राइव्हची मोटरकडे जाणारी केबल थेट फायर लूपवर टेकली होती. पार्टिशन वळणातून आणि टी-जोडातून अखंड गेले पाहिजे आणि ते लोखंडी असेल तर ट्रंकिंगसह अर्थ झाले पाहिजे. तुटक पार्टिशन हे पार्टिशन नसल्यासारखेच आहे. तपासणीच्या वेळी सरळ भाग न उघडता आधी वळणे उघडावीत.

फायर अलार्मच्या केबलचा प्रश्न केवळ व्यत्ययाचा नाही. पॉवर केबलमध्येच दोष होऊन आग लागली, तर त्या आगीची सूचना देणारी केबल तिच्या शेजारी पडलेली नसावी. शिवाय दर वर्षी कोणीतरी लॅनची केबल बदलायला झाकण उघडतो आणि ओढाताणीत लूपही ओढला जातो. त्यामुळे मी या केबलला कप्पा न देता स्वतःचा मार्ग देतो आणि तिला लाल रंगाने ओळख देतो.

आपल्याच केबलसाठी माझी रचना अशी असेल : पाच पॉवर केबल 100 मिमी रुंद छिद्रांच्या ट्रेवर एका थरात, जिथे त्या 75 मिमी जागा घेतील आणि सहावी आली तरी मावेल. डेटासाठी 50 × 50 चे ट्रंकिंग, ज्याची आतली जागा 2209 असल्याने भराव 38 टक्के होतो. फायर अलार्मसाठी त्याच मापाचे दुसरे, जे 20 टक्केच भरते. खर्च थोडा वाढेल हे मान्य आहे, परंतु आपल्या 100 × 50 मध्ये पुढच्या वर्षी एकही केबल वाढवता येणार नाही, तेव्हा नवे ट्रंकिंग टाकावेच लागेल, आणि तो खर्च आज आपल्या अंदाजपत्रकात कुठेच धरलेला नाही.