पावती पंचवीसची, पिशवी साडेबावीसची

आज रेशन व्यवस्थेवरचे एक सादरीकरण ऐकून आलो आणि अजून डोके शांत झालेले नाही. आधार पडताळणी करूनच धान्य दिले जात असल्यामुळे गळती थांबली आहे, असे पडद्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते. टाळ्या वाजल्या, चहा आला आणि प्रश्न राहूनच गेले. ते इथे विचारतो.

माझ्या आत्याच्या कार्डावर पाच नावे आहेत. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, म्हणजे महिन्याला 25 किलो धान्य मिळायला हवे. दिवाळीत तिच्याकडे गेलो असताना मी पिशव्या सहज ताणकाट्याला टांगल्या, तर साडेबावीसच भरल्या. पावतीवर मात्र 25. तिच्या दुकानातले पॉस मशीन तराजूला जोडलेले नाही. त्याला फक्त अंगठा कळतो. मग गळती नेमकी कशाशी ताडून मोजली? गोदामातली उचल आणि मशीनवरची नोंद जुळवली, तर उत्तर शून्यच येणार, कारण पिशवीचे वजन या दोन्हींत कुठेच नाही. किती घरांत जाऊन वजन केले, ते सांगा. आत्याच्या घरी गळती दहा टक्के आहे.

मेलेल्या माणसाच्या नावावर धान्य उचलणे यंत्रामुळे अवघड झाले, हे मान्य. गोणीत घट येते, हेही मान्य. पण ती आत्याने का सोसायची?

दुसरा प्रश्न निवडीचा. प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागातली उत्पन्नमर्यादा वर्षाला 44 हजार आहे, म्हणजे महिन्याला पावणेचार हजारही नाही. इतक्यात घर चालवणारे कुटुंब मला दाखवा. ज्याने उत्पन्न खरे लिहिले तो बाहेर, ज्याला दाखला 'करून' घेता आला तो आत. आत्याचा नातू चार वर्षांचा झाला तरी कार्डावर नाही, कारण उत्तर ठरलेले आहे : इष्टांक शिल्लक नाही. इष्टांक म्हणजे किती लाभार्थी घ्यायचे याचा ठरलेला आकडा, आणि तो 2011 च्या जनगणनेवर बेतलेला आहे. अपात्र किती वगळले हे अभिमानाने सांगितले गेले. पात्र असून बाहेर किती राहिले, हे कोणी मोजले का?

आणि परिणाम? 'इतक्या कोटी लाभार्थ्यांना लाभ' ही वाटपाची मोजणी झाली. नाव चढलेली घरे आणि इष्टांकासाठी ताटकळणारी घरे शेजारी ठेवून, डाळ किती शिजली आणि उसनवारी किती कमी झाली, हे पाहिले असते तर काही कळले असते. नाव चढायला वशिलाही लागतो, म्हणून ती तुलना निखळ होणार नाही, एवढे खरे.

आत्या मात्र म्हणाली, "फुकट मिळतंय रे, भांडू नकोस." 2023 पासून धान्य मोफत झाले आणि वजन विचारायची तिची हिंमतच गेली. पुढच्या खेपेला ताणकाटा तिच्याकडेच ठेवून येणार आहे.