डिस्क ड्राइव्ह ‘नंतर कधीही’ लागत नाही: जुना पीएस५ फोटोवरून ओळखताना

“जुना प्लेस्टेशन घेताना फोटोवरूनच ओळखा. १) पांढरा असेल तर पीएस५, काळा असेल तर पीएस४. २) सोबतचा कंट्रोलर बघा, कन्सोलची पिढी कळते. ३) डिस्कची खाच नसलेला स्वस्तातला घ्या, ड्राइव्ह नंतर कधीही बसवता येतो. ४) आधीच्या सगळ्या डिस्क चालतात. पुढे पाठवा.”

हा मजकूर आमच्या कुटुंबाच्या गटात दाजींनी टाकला, आणि त्याच्या खाली सिडकोतल्या एका विक्रेत्याने पाठवलेला फोटो जोडला. इंदिरानगरात राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे पीएस४च्या सात डिस्क आहेत, आणि त्या चालाव्यात एवढीच त्याची अट आहे. दाजी दुसऱ्या दिवशी सकाळी टोकन देणार होते, म्हणून रात्री अकरा वाजता मला हे लिहायला बसावे लागले. गटात लिहिलेलेच थोडे नीटनेटके करून येथे देत आहे.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. सोनीने पीएस४ पांढऱ्या रंगातही विकला होता, आणि पीएस५चा काळा कंट्रोलर २०२१ पासून बाजारात आहे. शिवाय पीएस५ची बाजूची आवरणे काढून दुसऱ्या रंगाची बसवता येतात. रंग पाहून ओळखायचेच असेल तर रिक्षा ओळखावी.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. कंट्रोलरची स्वतःची पिढी फोटोवरून खरोखर कळते. पीएस४च्या कंट्रोलरवर टचपॅडच्या डावीकडे ‘SHARE’ आणि उजवीकडे ‘OPTIONS’ अशी अक्षरे असतात, आणि चार्जिंगला मायक्रो यूएसबी लागते. २०१६ नंतरच्या सुधारित आवृत्तीत टचपॅडच्या वरच्या कडेलाही प्रकाशाची बारीक रेघ दिसते, २०१३च्या मूळ आवृत्तीत ती नसते. मात्र दोन्ही आवृत्त्या कोणत्याही पीएस४वर चालतात. पीएस५च्या कंट्रोलरवर अक्षरांऐवजी चिन्हे असतात, मधल्या बटणाखाली माइक बंद करण्याचे छोटे बटण असते आणि चार्जिंग टाइप-सी असते. पण कंट्रोलरची पिढी म्हणजे कन्सोलची पिढी नव्हे, कारण विक्रेता घरात सापडेल तो कंट्रोलर शेजारी ठेवून फोटो काढतो. दाजींनी पाठवलेल्या फोटोतच पीएस५च्या बाजूला पीएस४चा काळा कंट्रोलर होता. तो पीएस५ला जोडला तर त्यावर पीएस४चे गेम खेळता येतात, पीएस५चे येत नाहीत. म्हणजे त्या व्यवहारात नव्या कंट्रोलरचा खर्च वेगळा धरायला हवा होता. उलट, पीएस५चा कंट्रोलर थेट पीएस४ला जोडून त्यावर खेळता येत नाही.

खरा घात तिसऱ्या मुद्द्यात आहे. पीएस५ पहिल्यांदा २०२० मध्ये आला तेव्हा तो दोन प्रकारांत होता: एक डिस्क ड्राइव्ह आतच बसवलेला, आणि दुसरा ड्राइव्ह नसलेला, म्हणजे डिजिटल. या पहिल्या डिजिटल कन्सोलला ड्राइव्ह बसवण्याची सोयच नाही. बाहेरून लागणारा सुटा ड्राइव्ह २०२३च्या अखेरीस आलेल्या सडपातळ कन्सोलसाठी बनवला गेला, आणि पुढच्या वर्षी आलेल्या प्रो कन्सोललाही तोच लागतो. ही माझ्या पदरची गोष्ट नाही. सोनीच्या अधिकृत मदत पानावर CFI-1000, CFI-1100 आणि CFI-1200 या पहिल्या पिढीच्या पीएस५च्या मालिकांना तो ड्राइव्ह चालत नाही असे स्पष्ट दिले आहे. ‘नंतर कधीही’ हे दोन शब्द लिहिणाऱ्याने नव्या कन्सोलची सोय जुन्या कन्सोलला चिकटवली, आणि नेमका जुनाच कन्सोल आज सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळतो.

मग फोटोत पाहायचे काय? प्रथम उभ्या कन्सोलची समोरची बाजू पाहावी. पहिल्या पिढीत ड्राइव्ह असलेल्या कन्सोलला एका बाजूला खालच्या भागात फुगवटा असतो आणि त्याच्या कडेला डिस्कची उभी खाच असते, तर डिजिटल कन्सोल दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. त्यानंतर समोरचे पोर्ट मोजावेत. एक रुंद, चौकोनी यूएसबी आणि एक छोटे, लंबगोल टाइप-सी असेल तर तो पहिल्या पिढीचा. दोन्ही टाइप-सी असतील तर २०२३ नंतरचा. तिसरी खूण बाजूच्या आवरणाची आहे. पहिल्या पिढीत प्रत्येक बाजूला एकच अखंड आवरण असते, तर सडपातळ कन्सोलमध्ये त्याचे दोन तुकडे असून मध्ये काळी रेघ असते, आणि वरचा तुकडा चकचकीत, खालचा खरबरीत असतो. आवरण बदलता येते, पोर्ट बदलत नाहीत. म्हणून दोन खुणांत विसंगती दिसली तर पोर्टवर विश्वास ठेवावा.

दाजींच्या फोटोत कन्सोल दोन्ही बाजूंनी सारखा होता, आवरण अखंड होते, आणि फोटो मोठा करून पाहिल्यावर समोर एक चौकोनी व एक लंबगोल पोर्ट दिसला. म्हणजे पहिल्या पिढीचा डिजिटल. भाच्याच्या सात डिस्कपैकी एकही त्यात कधीच गेली नसती.

तरीही फोटोवरचा अंदाज तो अंदाजच, म्हणून मी दाजींना विक्रेत्याकडून आणखी एक फोटो मागवायला सांगितले: कन्सोलवरच्या छापील लेबलचा, ज्यावर CFI ने सुरू होणारा मॉडेल क्रमांक असतो. अनुक्रमांक झाकून पाठवला तरी चालेल, असेही कळवायला सांगितले, म्हणजे विक्रेता कचरणार नाही. उत्तर आले ते CFI-1108B. पहिल्या पिढीत क्रमांकाच्या शेवटी A असेल तर ड्राइव्ह असलेला आणि B असेल तर डिजिटल, त्यामुळे वादाला जागाच उरली नाही.

चौथा मुद्दा थोडक्यात. ड्राइव्ह असलेल्या पीएस५वर पीएस४च्या बहुतेक सर्व डिस्क चालतात, हे खरे. पीएस३ आणि त्याआधीच्या चालत नाहीत, त्यामुळे ‘सगळ्या’ हा शब्द खोटा. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: गेम डिस्कवरून कन्सोलमध्ये भरून घेतला तरी खेळताना डिस्क ड्राइव्हमध्ये असावीच लागते, म्हणून मित्राच्या कन्सोलवर भरून आणण्याची युक्तीही उपयोगाची नाही.

दाजींनी टोकन दिले नाही. आता नाशिकरोडच्या एका विक्रेत्याचा फोटो आला आहे. त्यात समोर दोन्ही पोर्ट टाइप-सी आहेत, पण ड्राइव्ह लावलेला नाही. हा कन्सोल विचारात घेण्यासारखा आहे. मात्र सुट्या ड्राइव्हची किंमत त्यात मिळवूनच भाव ठरवावा, आणि ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना कन्सोलला इंटरनेट लागते, हे लक्षात ठेवून तो घरच्या वायफायवर जोडावा. लेबलचा फोटो अजून यायचा आहे.