एकशे पंच्याहत्तर रुपये ब्याऐंशी पैसे

रिटर्न भरायचं म्हणून सीएच्या ऑफिसला बँकेचं स्टेटमेंट पाठवलं होतं, तर तिथली आर्टिकलशिप करणारी मुलगी, वयाने माझ्या भाचीएवढी, तिचा फोन. "सर, हे दर महिन्याला १७५.८२ कोणाला देता?" म्हटलं असेल काहीतरी. तर म्हणे, "मागच्या वर्षीपण होतं सर, मी तेव्हाच पेन्सिलने गोल केला होता." म्हणजे हिला वर्षभर माहीत होतं आणि मला आत्ता कळतंय. माझ्या पैशांबद्दल.

जुनी पासबुकं काढली. सुरुवात २०१८. पासबुकात लिहिलेलं काय, तर "एसीएच डी" आणि पुढे अर्धवट तुटलेलं कुठल्यातरी कंपनीचं नाव, जे मी जन्मात ऐकलेलं नाही. हा यांचा एक धंदाच आहे बघा, दुकानावरची पाटी एक आणि पैसे कापणाऱ्या कंपनीचं नाव भलतंच, त्यामुळे माणसाला वाटतं हा इन्शुरन्सचा हप्ता असेल, नाहीतर एसआयपी असेल. शेवटी बायकोने ओळखलं. "अरे ते मॉलमधलं! टाय लावलेला मुलगा!"

आलं लक्षात. कॉलेज रोडकडच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्याच्या तोंडाशीच एक टेबल आणि टाय लावलेला मुलगा, आई-बाबांसाठी फोनवर डॉक्टर, लॅबमध्ये सूट, चष्म्यावर सूट, पहिला महिना फ्री, मग फक्त १४९ सर. ते १४९ वर अठरा टक्के जीएसटी लागला की १७५.८२ होतात हे त्याने सांगितलं नाही, आणि जी सही घेतली ती मेंबरशिपच्या कागदावर नसून बँकेच्या मॅन्डेटवर, म्हणजे खात्यातून परस्पर पैसे कापायच्या परवानगीवर होती हेही नाही. त्या फॉर्मवर शेवटची तारीख लिहायची जागा असायची आणि तिच्याशेजारी एक चौकोन, "रद्द करेपर्यंत" असा. टिक त्या चौकोनात. मी नाही मारली. बाबा त्या डॉक्टरशी एकदाच बोलले, त्याने गरम पाणी प्या सांगितलं.

माझा एक मित्र म्हणाला, असं कसं, २०२१ च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेने ऑटो डेबिटचे नियम कडक केले ना, पैसे कापायच्या चोवीस तास आधी मेसेज आलाच पाहिजे, माझी तर सगळी ॲपं तेव्हा बंद पडली होती. बरोबर आहे त्याचं, पण तो नियम होता कार्डावरून कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी. माझं प्रकरण कार्डावर नव्हतंच, ते होतं बँकांच्या नाच नावाच्या यंत्रणेवर, म्हणजे थेट खात्यावर, सही केलेल्या कागदावर. जग बदललं, नियम बदलले, आणि माझा कागद आपला कुठेतरी फायलीत बसून दर महिन्याच्या पाच तारखेला गुपचूप हात घालत राहिला. फॉर्मवर मी मोबाईल नंबर दिला होता जुना, तो आता कोणाकडे आहे देव जाणे.

कंपनीचं ॲप उघडतच नाही. कस्टमर केअरला लावलं तर आधी बासरी, मग मराठीसाठी तीन दाबा, दाबलं तर हिंदीत मुलगी. मेंबरशिप नंबर सांगा. नाही. रजिस्टर्ड मोबाईलवर ओटीपी पाठवते. तो नंबर बंद आहे. मग सर ईमेल करा, सात ते दहा वर्किंग डेजमध्ये टीम बघेल, आणि तोपर्यंत दोन महिने फ्री देऊ का? मी म्हटलं अहो मला ते नकोच आहे तर फ्री काय करू. मग तिने आवाज बारीक करून मैत्रिणीसारखा सल्ला दिला की सर, तुम्ही त्या अकाउंटला बॅलन्सच ठेवू नका, आपोआप बंद होईल. हा सल्ला कोणी दिला तर चुकूनही ऐकू नका. बॅलन्स नसला तर मॅन्डेट मरत नाही, फक्त परत जातो, आणि परत गेला की बँक त्याचा दंड घेते, त्यावर पुन्हा जीएसटी, म्हणजे पावणेदोनशे वाचवायला त्याच्याहून जास्त भरायचे आणि पुढच्या महिन्यात तो परत हजर.

नेट बँकिंगमध्ये मॅन्डेटची यादी असते तीही पाहिली, तिथे ऑनलाइन दिलेले तेवढे दिसले, हा कागदाचा नाही. म्हणून सकाळी दहाला नाशिकरोडची ब्रँच. खातं तिथलं, नोकरी तिकडे होती तेव्हाचं. सिंहस्थाच्या नावाने रस्ते असे खणून ठेवलेत की द्वारकेवरून बिटकोला पोहोचेपर्यंत माणसाला वाटतं राहू दे, कापू देत. पार्किंगवाल्यानेसुद्धा वीस रुपये घेतले, पण त्याने निदान हात पुढे करून मागितले.

खिडकीवरच्या मॅडम म्हणाल्या, कंपनीला सांगा. म्हटलं कंपनी म्हणते सात ते दहा दिवस. मग थांबा, सर आले की बघू. आणि मी त्या पासबुक प्रिंटिंग मशीनशेजारच्या बाकड्यावर बसलो, जिथे काका होते.

काका जेल रोडचे, नोट प्रेसमधून रिटायर्ड. हे मी विचारलं नव्हतं. मांडीवर पासबुक, पासबुकाला प्लास्टिकचं कव्हर, कव्हरला रबर. मशीन बारकोड वाचत नव्हतं म्हणून त्यांना वेळच वेळ होता, आणि त्यांनी माझं पासबुक सरळ हातात घेऊन पेपर वाचावा तसं वाचायला सुरुवात केली. मोठ्याने.

"किती वर्षं म्हणालात?"

"सात."

"म्हणजे चौऱ्याऐंशी महिने. एकशे शहात्तर गुणिले चौऱ्याऐंशी, चौदा हजार सातशे चौऱ्याऐंशी. अठरा अठरा पैसे जास्त धरले ते वजा करा, पंधरा रुपये बारा पैसे. चौदा हजार सातशे अडुसष्ट रुपये अठ्ठ्याऐंशी पैसे गेले तुमचे." हे सगळं डोळे मिटून. आजूबाजूच्या चार जणांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"साहेब," काका म्हणाले, "आमच्या इथे १९२८ पासून नोटा छापतात. एक शीट छापली की मोजायची, नंबर टाकला की मोजायची, कापली की मोजायची. हिशेब लागल्याशिवाय माणूस गेटबाहेर नाही. अन् नोट खराब निघाली तर? तिच्या जागी स्टारवाली नोट टाकायची, नंबरात चांदणी असते बघा, म्हणजे शंभराचं पाकीट शंभरचंच राहिलं पाहिजे! लहान नोटांना २००६ पासून आहे ते. सरकार एक दहाची नोट हरवू देत नाही, अन् तुम्ही?"

मी म्हटलं काका, तुमच्याकडे कागद होता, मोजता येत होता, इथे कागदच नाही. यावर काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सही कुणाची आहे?"

हे मला अजून झोंबतंय, खरं सांगतो. सही माझी, पण खाली बारीक अक्षरात काय ते त्या मुलाचं, टिक त्याची, आणि पाठवणारी बँक दुसरी, आणि कापून देणारी बँक माझी, तिने सात वर्षांत एकदाही विचारलं नाही की बाबा, हे चालू ठेवायचंय ना? मी आईच्या खात्यातून माझ्याच खात्यात पैसे टाकायला गेलो तर पॅन आण, आधार आण, आईला आण. आणि टायवाल्याला काहीच नको.

काका तोपर्यंत रंगात. एका बाईंना माझं उदाहरण देऊन झालं होतं. "यांचे चौदा हजार गेले." बाई म्हणाल्या, "ओटीपी दिला का?" काका: "नाही, डॉक्टर." बाईंनी पर्स पोटाशी धरली.

मग सर आले. सर मात्र चांगले निघाले. त्यांनी मॅडमना सांगितलं की मॅन्डेट खातेदाराला आपल्या बँकेतही रद्द करता येतो, कंपनीची परवानगी लागत नाही, फॉर्म द्या यांना. फॉर्मवर यूएमआरएन लागतो, म्हणजे त्या मॅन्डेटचा स्वतःचा नंबर, वीस अक्षरी, सुरुवातीला बँकेच्या कोडची चार अक्षरं. तो मॅडमनी सिस्टीममध्ये शोधून दिला, मी एकेक अक्षर चौकोनात भरलं, त्यात शून्य इतके की काकांनी मागून मोजून घेतले. मग सही. सही जुळेना. २०१८ मध्ये मी नावाच्या शेवटी एक झोकदार शेपूट काढायचो, आता तेवढी उमेद राहिली नाही. तीनदा काढायला लावली. ज्या शेपटीच्या जोरावर पैसे सात वर्षं गेले तीच शेपूट थांबवतानाही पाहिजे.

तेवढ्यात मशीन चालू झालं आणि काकांचं पासबुक कर्रकर्र करत छापून आलं. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग काढला, पुसला, परत घातला.

"हे दोनशे छत्तीस कसले?"

मॅडम म्हणाल्या, "एटीएम कार्डाचे वार्षिक चार्जेस काका. दोनशे अधिक जीएसटी."

"मी एटीएम कार्ड वापरत नाही!"

"पण घेतलंय ना."

"तुम्ही पाठवलंत! पाकीट मी फोडलेलंसुद्धा नाही! देवाच्या कपाटात आहे!"

मॅडम म्हणाल्या वापरा न वापरा, दरवर्षी लागतात, मागच्याही पानावर असतील. काकांनी मागचं पान उलटलं. मग त्याच्या मागचं. आणि मध्ये मध्ये १७.७० चे एसएमएसचे, तिमाहीला एक. बाकड्यावरचे सगळे गप्प. मला गुणाकार येत होता, पण मी केला नाही, एवढं सौजन्य मी दाखवलं आणि त्याची नोंद कोणीही घेतली नाही, कारण काका तोपर्यंत माझा नंबर ओलांडून खिडकीत अर्धे आत गेले होते.

त्यामुळे माझ्या फॉर्मच्या झेरॉक्सवर पोच म्हणून शिक्का पडायला साडेबारा वाजले. ही पोच घ्याच, नाहीतर पुढच्या महिन्यात पैसे गेले की भांडायला हातात काही नसतं. मागचे पैसे मिळतील का विचारलं तर सर म्हणाले, त्यासाठी कंपनीशी बोला. म्हणजे पुन्हा बासरी.

"आणि आजपासून बंद ना?" मी विचारलं.

मॅडमनी कॅलेंडरकडे पाहिलं. "आज पाच तारीख आहे सर. आजची फाइल सकाळीच येऊन गेली असणार. पुढच्या महिन्यापासून."

माझ्या मागून काका म्हणाले, "पंच्याऐंशी."