कोळंबी सोसत नाही म्हणून सुरमईही बंद?

आज बडोद्याच्या दांडिया बाजारात एका नातेवाइकांकडे जेवायला बसलो असताना माझ्या भाचीच्या ताटातील सुरमईची तुकडी थोरल्या काकूंनी उचलून घेतली. "हिला कोळंबीची ॲलर्जी आहे ना, मग मासा कसा चालेल?" पोरगी काही बोलली नाही, पण मला अजून राग आवरत नाही.

कोळंबी खाऊन तिचे ओठ सुजले होते, अंगभर गांधी उठल्या होत्या आणि धाप लागली होती. ते आम्ही विसरलेलो नाही. परंतु तेव्हा कोणीतरी "समुद्रातले सगळेच बंद" असे सांगून टाकले आणि वर्षानुवर्षे ती वरण-भातावर राहिली. त्याआधी ती सुरमई आणि पापलेट बिनदिक्कत खात असे, हे कोणी विचारलेच नाही.

कोळंबीतील मुख्य त्रासदायक प्रथिन ट्रोपोमायोसिन हे आहे. ते शिजवूनही टिकते आणि खेकडा व शेवंड यांच्यात जवळजवळ तसेच असते, म्हणून कोळंबी सोसत नसेल तर त्या दोघांपासूनही दूरच राहावे. मासा मात्र पाठीचा कणा असलेला प्राणी आहे. त्याचे ट्रोपोमायोसिन आपल्याच प्रथिनाच्या इतके जवळचे असते की शरीर त्याला सहसा परके मानत नाही. माशाची ॲलर्जी बहुधा पार्व्हाल्ब्युमिन या निराळ्याच प्रथिनामुळे होते, आणि ते अनेक माशांत सारखे असल्यामुळे एका माशाने त्रास झालेल्याला दुसऱ्यानेही होण्याची शक्यता बरीच असते. काही माणसांना दोन्ही ॲलर्जी असतात, हे मान्य. पण म्हणून एकीवरून दुसरी गृहीत धरता येत नाही.

गंमत म्हणजे धुळीतील सूक्ष्म कीटक आणि झुरळ यांच्यातही कोळंबीशी मिळतेजुळते ट्रोपोमायोसिन असते. त्यामुळे धुळीची ॲलर्जी असलेल्याच्या त्वचेवर कोळंबीची चाचणी केली, तर तो कोळंबी मजेत खात असूनही गांध उठू शकते. म्हणूनच भाचीच्या डॉक्टरांनी चाचणीच्या कागदापेक्षा आधी काय खाल्ले आणि किती वेळात काय झाले, हे बारकाईने विचारले. मग रुग्णालयात, ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवून, तिला सुरमईचा अगदी लहानसा घास दिला, वाट पाहिली, पुढचा थोडा मोठा दिला आणि पूर्ण तुकडी होईपर्यंत हेच चालले. तिला काहीही झाले नाही. हा प्रयोग घरी कोणीही करू नये, हे मी हात जोडून सांगतो.

काकूंची भीती मायेपोटी होती, हे लिहिता लिहिता मलाही पटते आहे, आणि एका बाबतीत त्या बरोबरही आहेत. मासळीवाल्याच्या एकाच पाटावर, एकाच सुरीने कोळंबी आणि मासा साफ होतो आणि घरी दोन्ही एकाच तेलात तळले जातात. कोळंबी तळलेल्या तेलात सोडलेली सुरमई भाचीला खरोखरच बाधू शकते. त्यासाठी तिची तुकडी ताटातून उचलण्याची गरज नाही. सुरमई वेगळी साफ करून घ्यावी आणि स्वच्छ कढईत, ताज्या तेलात, कोळंबीच्या आधी तळावी.