जुनी देणी राइट बॅक करताना: तीन वर्षांच्या त्या मेसेजला उत्तर

"तीन वर्षांपेक्षा जुनी सप्लायरची बाकी कायद्याने मेलेली असते. 31 मार्चला एक एंट्री मारा, पूर्ण रक्कम इतर उत्पन्नात दाखवा आणि मोकळे व्हा. नाही दाखवलीत तर आयकरवाले ती उत्पन्नात धरतातच. जीएसटीचा इथे काही संबंध नाही, आणि सप्लायर नंतर आला तरी त्याला काही मागता येत नाही."

हा मेसेज दर मार्चमध्ये माझ्याकडे कुणा ना कुणा अशिलाकडून येतो. मार्च 2023 मध्ये तो फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्या एका भागीदारी फर्मकडून आला. सोबत एका पेंटवाल्या सप्लायरचं खातं होतं, जमा बाकी 3,36,000 रुपये. शेवटचं बिल 10 ऑगस्ट 2019 चं. फर्मचे मोठे भागीदार म्हणाले, "मॅडम, साडेतीन वर्षं झाली. टाकून द्या उत्पन्नात." त्याच खात्यावरून एकेक मुद्दा घेते.

सगळ्यात आधी ती बाकी खरी आहे का, हे बघावं लागतं. त्या मेसेजमध्ये या तपासणीचा उल्लेखसुद्धा नाही, आणि माझ्या अनुभवात सर्वात जास्त चुका इथेच सापडतात. आम्ही 2019-20 चं बँक स्टेटमेंट काढून खात्याशी ताडून पाहिलं. सप्टेंबर 2019 मध्ये याच सप्लायरला 1,00,000 रुपये आरटीजीएसने गेले होते. पण सप्लायरच्या भावाची जवळपास त्याच नावाची दुसरी पेढी होती आणि अकाउंटंटने रक्कम तिच्या खात्यात नावे टाकली होती. तिथे ती 'सप्लायरला दिलेली उचल' म्हणून पडून होती. म्हणजे ताळेबंदात एका बाजूला न दिलेलं देणं आणि दुसऱ्या बाजूला कधीच वसूल न होणारी उचल. देणं उत्पन्नात टाकलं असतं तर एक लाखाचा खोटा नफा दिसला असता, त्यावर कर भरला असता आणि ती उचल तशीच राहिली असती. हे फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात दुरुस्त करायचं होतं, नफा-तोट्याशी त्याचा काही संबंध नव्हता. दुरुस्तीनंतर खरी बाकी 2,36,000 उरली. ती एकाच बिलाची होती: माल 2,00,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 36,000.

अशाच आणखी दोन गोष्टी वारंवार सापडतात. परत पाठवलेल्या मालाची डेबिट नोट नोंदवायची राहिलेली असते, किंवा एकच बिल दोनदा चढलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात खरेदी जास्त दाखवली गेलेली असते, म्हणून ती चूक दुरुस्त करायची. तिला 'देणं माफ झालं' म्हणता येत नाही.

आता मुदत. उधारीचा कालावधी ठरला नसेल तर विकलेल्या मालाच्या किमतीसाठी माल पोचल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. उधारीचे दिवस ठरले असतील तर ते संपल्यापासून तीन वर्षं मोजायची. या हिशेबाने आमच्या बिलाची मुदत ऑगस्ट 2022 मध्ये संपायला हवी होती. पण कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला होता. 15 मार्च 2020 ला या बिलाचे जवळपास दोन वर्षं पाच महिने शिल्लक होते. ते 1 मार्च 2022 पासून पुढे मोजले तर मुदत जुलै 2024 अखेरपर्यंत जाते. मार्च 2023 मध्ये मोठे भागीदार ज्या देण्याला मेलेलं म्हणत होते, त्यासाठी सप्लायर आणखी सव्वा वर्ष कोर्टात जाऊ शकत होता.

शिवाय मुदत चालू असताना तुम्ही बाकी मान्य केल्याचं सहीचं पत्र दिलंत, तर मुदत कायद्याच्या कलम 18 प्रमाणे त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षं सुरू होतात. कंपन्यांनी इथे जास्त सावध राहावं. सही केलेल्या ताळेबंदातली नोंदसुद्धा अशी कबुली ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बिशल जयस्वाल प्रकरणात म्हटलं आहे. ती ठरते की नाही हे नोंदीच्या शब्दांवर आणि सोबतच्या टिपांवर अवलंबून असतं.

मुदत संपली तरी संपतो तो दावा लावण्याचा हक्क, देणं संपत नाही. हा फरक व्यवहारात जाणवतो. करार कायद्याच्या कलम 60 प्रमाणे तुम्ही पैसे देताना ते कोणत्या बिलापोटी आहेत हे सांगितलं नाही आणि परिस्थितीवरूनही ते कळत नसेल, तर सप्लायर ती रक्कम मुदतबाह्य बाकीतसुद्धा वळती करू शकतो. म्हणून ज्याच्याशी आजही व्यवहार चालू आहे, त्याची जुनी बाकी राइट बॅक करण्याआधी, म्हणजे देणं वहीतून काढून उत्पन्नात घेण्याआधी, त्याच्याशी बोलून लेखी तडजोड घ्या. नाहीतर तुमच्या वहीत बाकी शून्य आणि त्याच्या वहीत नवं बिल थकीत, असं होऊन बसतं. मुदतबाह्य देणं फेडण्याचं सहीचं लेखी वचन दिलंत, तर तेही त्याच करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे बंधनकारक ठरतं.

आयकराच्या भीतीनेच बहुतेक लोक हा मेसेज पुढे पाठवतात, म्हणून इथे थोडं थांबते. कलमाचे क्रमांक 1961 च्या कायद्यातले आहेत, कारण आमचं प्रकरण त्याच्याखाली येतं. कलम 41(1) लागायला दोन गोष्टी लागतात. त्या देण्यापोटी पूर्वी खर्चाची वजावट मिळालेली असावी, आणि त्या वर्षी देणं माफ झालेलं किंवा संपलेलं असावं. बाकी जुनी आहे एवढ्यावरून दुसरी गोष्ट सिद्ध होत नाही. सुगौली शुगर वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये सांगितलं की मुदत संपली आणि देणेकऱ्याने आपल्या वहीत एकतर्फी नोंद केली, एवढ्याने देणं संपत नाही. पण ते प्रकरण जुन्या वर्षांचं होतं. 1 एप्रिल 1997 पासून कलमाला स्पष्टीकरण जोडलं गेलं आहे आणि त्यानुसार तुम्ही स्वतः वहीत देणं राइट ऑफ केलंत तर तेही माफीच धरलं जातं.

दोन्ही एकत्र वाचा. नुसती पडून राहिलेली खरी बाकी आपोआप उत्पन्न होत नाही, आणि तुम्ही एंट्री मारलीत की त्याच वर्षी ती करपात्र होते. कराला घाबरून घाईने केलेली एंट्रीच कर ओढवून घेते. याचा अर्थ बाकी जन्मभर ठेवा असा नाही. अधिकारी सप्लायरचा पत्ता, बिलं, खातेउतारा मागतो, आणि तुमच्याकडे काहीच नसेल तर देणं खरं आहे हे सांगणं अवघड जातं.

किती रक्कम उत्पन्नात जाते, हा पुढचा प्रश्न. आमच्या फर्मने 2019-20 मध्ये खर्च म्हणून 2,00,000 चीच वजावट घेतली होती. 36,000 खरेदीत कधी गेलेच नव्हते, त्यांची आयटीसी, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीचं क्रेडिट, घेतली होती. देणं यंत्र विकणाऱ्याचं असेल तर चित्र आणखी बदलतं. महिंद्रा अँड महिंद्रा प्रकरणात 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भांडवली वस्तूंसाठी घेतलेल्या कर्जाच्या माफीला 41(1) लावायला नकार दिला, कारण त्या रकमेची वजावट कधी घेतलीच नव्हती. अशा वेळी घसाऱ्याचा हिशेब मात्र वेगळा तपासावा लागतो. आणि 1 एप्रिल 2023 नंतरची सूक्ष्म किंवा लघु उद्योगाची बाकी वेळेत न दिल्यामुळे 43B(h) खाली खर्च म्हणून आधीच नामंजूर होऊन तिच्यावर कर भरला गेला असेल, तर राइट बॅक करताना तीच रक्कम पुन्हा करपात्र उत्पन्नात धरू नका. त्या वर्षाचा संगणन तक्ता शोधून काढा.

राहिला जीएसटी. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत सप्लायरला पैसे दिले नाहीत तर घेतलेली आयटीसी व्याजासह परत करावी लागते, हे सीजीएसटी कायद्याच्या कलम 16(2) मध्ये आणि नियम 37 मध्ये आहे. आमच्या बिलाचे 180 दिवस 6 फेब्रुवारी 2020 ला भरले. तेव्हा कुणी आयटीसी परत केली नव्हती. पुढे पैसे दिले असते तर ती पुन्हा घेता आली असती, पण राइट बॅक म्हणजे पैसे देणार नाही हेच तुम्ही ठरवता. वापरलेल्या आयटीसीवर व्याज वर्षाला 18 टक्के, म्हणजे 36,000 वर दर वर्षी 6,480 रुपये.

आम्ही मार्च 2023 मध्ये काही केलं नाही. पुढच्या काळात सप्लायरच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवलं. आम्ही ही बाकी देणं लागतो, असं त्यात कुठेही लिहिलं नाही, फक्त त्यांच्या वहीतला खातेउतारा मागितला. पत्र परत आलं. जीएसटी पोर्टलवर त्याची नोंदणी रद्द झालेली दिसली. कबुलीचं कोणतंही पत्र फाइलमध्ये नव्हतं. ही सगळी कागदपत्रं आणि भागीदारांचा सहीचा निर्णय एकत्र लावून 31 मार्च 2025 ला एंट्री केली:

```
सप्लायर खाते               नावे  2,36,000
  देणी राइट बॅक (उत्पन्न)   जमा   2,00,000
  आयटीसी रिव्हर्सल देय     जमा     36,000
```

व्याजाची तरतूद वेगळी केली. टॅलीमध्ये उत्पन्नाचं खातं `Indirect Incomes` खाली उघडलं आणि सप्लायरच्या ओळीला त्या बिलाचा `Agst Ref` दिला, नाहीतर बिलवार थकबाकीत ते बिल तसंच दिसत राहतं. ही रक्कम चालू वर्षाच्या खरेदीतून वजा करू नका. तसं केलं की ढोबळ नफ्याचं प्रमाण फुगतं, आणि बँकेला वाटतं की धंद्यातच मार्जिन वाढलं. नफा-तोटा पत्रकात 'इतर उत्पन्न' खाली स्वतंत्र ओळीत दाखवा आणि टॅक्स ऑडिट असेल तर फॉर्म 3CD च्या कलम 25 मध्ये द्या.

फर्मचा कर 30 टक्के आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे एकूण 31.2 टक्के. 2,00,000 वर तो 62,400 झाला. मेसेजप्रमाणे 3,36,000 उत्पन्नात टाकले असते तर 1,04,832 भरावे लागले असते, आणि 36,000 ची आयटीसी व्याजासह पुढच्या तपासणीत निघाली असती ती वेगळीच.

या दोन लाखांच्या नफ्यामागे बँकेत एक रुपयाही आलेला नव्हता. धाकट्या भागीदारांना त्यातला आपला हिस्सा उचलायचा होता. मी त्यांना थांबवलं, कारण कर, आयटीसी आणि व्याज मात्र रोखीने भरायचं होतं.