तळाशी डोकावू नका!

बँकेच्या परीक्षेत डीआयचा, म्हणजे आलेख-तक्ते वाचून सोडवायच्या प्रश्नांचा, सेट आला की आधी ग्राफची उंची डोळ्यांत साठवून घ्या. अक्षावरचे आकडे वाचत बसणं हे रिकामटेकड्यांचं काम.

समजा, एका दुचाकी कंपनीच्या विक्रीचा लाइन ग्राफ दिलाय. २०१९चा ठिपका तळापासून एक घर वर, २०२०चा दोन घरं वर. झालं! विक्री दुप्पट, १०० टक्के वाढ. आता तळाशी शून्य नसून ४० हजार लिहिलंय आणि एक घर १० हजारांचं आहे, हे बघायला जाल तर विक्री ५० हजारांवरून ६० हजारांवर गेलेली निघेल. वाढ १० हजारांची, तीही ५० हजारांवर, म्हणजे जेमतेम २० टक्के. हाती आलेली दुप्पट अशी घालवायची?

‘सर्वाधिक टक्के वाढ कोणत्या वर्षी?’ असं विचारलं तर सगळ्यांत खडी रेघ शोधा. २०२१ला विक्री ७१ हजारांवर गेली, रेघ आधीपेक्षा खडी, म्हणून उत्तर २०२१. आता ११ला ६०नं भागून ‘अहो, ही तर १८.३३ टक्केच, आधीची २० होती’ म्हणणारे काही जण भेटतील. हे लोक पंगतीतसुद्धा जिलब्या मोजतात.

मग येतात दोन पाय चार्ट, आणि खरी मजा इथे आहे. २०१९च्या चार्टात स्कूटरच्या तुकड्यावर १०८ लिहिलंय, २०२०च्या चार्टात २७. बिचारी स्कूटर! पहिला आकडा अंशांत आहे आणि दुसरा टक्क्यांत, हे शीर्षकात लिहिलेलं असतं, पण शीर्षक कोण वाचतं? चुकून वाचलंतच आणि १०८ला ३.६नं भागून ३० टक्के काढलेत, तरी घाबरू नका, चुकायला अजून जागा आहे. ३० वरून २७, म्हणजे विक्रीत ३ टक्के घट. थोडे हुशार असाल तर ३०वर ३, म्हणजे १० टक्के घट. पेपर काढणाऱ्यानं दोन्ही उत्तरं पर्यायांत प्रेमानं मांडून ठेवलेली असतात, तेव्हा संकोच नको.

फक्त लाइन ग्राफकडे परत वळू नका. वळलात तर दिसेल की दुसरा चार्ट मोठ्या भाकरीचा आहे. ५० हजारांचे ३० टक्के म्हणजे १५ हजार स्कूटर, ६० हजारांचे २७ टक्के म्हणजे १६,२०० स्कूटर. वाटा घसरला आणि विक्री चक्क ८ टक्क्यांनी वाढली! काही आगाऊ मुलं तर स्कूटर मोजतच नाहीत. १.२ गुणिले ०.९ बरोबर १.०८ करून पुढच्या प्रश्नावर जातात. त्यांच्या शेजारी बसू नका.

आणि कधी दोन पाय चार्टच दिले, एकूण विक्रीचा आकडा कुठेच नसला, तर ‘माहिती अपुरी’ या पर्यायाकडे ढुंकूनही बघू नका. तो आळशांसाठी असतो. तुम्ही ठोका ‘१० टक्के घट’. फार तर पाव गुण कापतील.